जास्तीत जास्त ५००० म्हणजे ५००० धरून की सोडून? (≤ आणि < ने उत्तर नक्की कधी बदलतं)

वाईची_निशा

अकरावीच्या असमानता चालू आहेत. गणित असं आहे: सहलीसाठी वर्गाकडे जास्तीत जास्त ५००० रुपये आहेत. गाडीचं भाडं ठरलेलं १४०० रुपये, जेवणाचे माणशी १२० रुपये. जास्तीत जास्त किती जण जाऊ शकतील?

मुलाने १४०० + १२०x < ५००० असं मांडलं आणि २९ उत्तर काढलं. उत्तरसूचीत ३० आहे. त्याचं म्हणणं, खर्च पाच हजारांच्या आत ठेवायचाय तर लेस दॅनच लागणार. गंमत म्हणजे पुढचं गणित हुबेहूब तेच आहे, फक्त रक्कम ५०५० आहे. तिथेही त्याने < च लावलं, उत्तर ३० आलं आणि ते बरोबर निघालं! आता तो म्हणतो की चिन्हाने काही फरक पडत नाही, सूचीतच चूक असेल.

मला दोन्ही गोष्टी नीट सांगता येत नाहीयेत. जास्तीत जास्तमध्ये बरोबरी का धरायची? आणि एका ठिकाणी फरक पडतो, दुसऱ्या ठिकाणी पडत नाही, असं का?

---

राजाभाऊ

ही नेहमीची चूक. ऋण संख्येने भागलं की चिन्ह उलटतं हे मुलं विसरतात. ५० − ३x ≥ २० असेल तर −३x ≥ −३०, आणि −३ ने भागल्यावर x ≤ १०. इथे ≥ तसंच ठेवलं की सगळं उत्तर उलटं पडतं. तेवढं घोटून घ्या त्याच्याकडून.

---

कर्णरेषा

राजाभाऊ, नियम बरोबर आहे, पण निशाताईंच्या गणितात ऋण संख्येने भागायची वेळच येत नाही. शिवाय तुमच्याच उदाहरणात बघा, चिन्हाचं तोंड फिरलं पण खालची रेघ जागेवरच राहिली. ≥ चं ≤ झालं, < झालं नाही. दिशा आणि रेघ या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत आणि प्रश्न रेघेचा आहे.

निशाताई, पहिल्या प्रश्नाबद्दल. खर्चाची कोणतीही रक्कम घ्या, ती पाच हजारांच्या तुलनेत तीनच प्रकारची असू शकते: कमी, बरोबर तेवढी, किंवा जास्त. चौथा प्रकार नाही. आता "जास्तीत जास्त ५०००" ही अट या तिघांपैकी कोणाला बाहेर काढते? फक्त "जास्त"ला. उरलेले दोघं आत राहतात, म्हणून ≤. "५००० पेक्षा कमी" ही अट मात्र दोघांना बाहेर काढते, जास्तला आणि बरोबर तेवढ्यालाही, म्हणून <.

मुलाला विचारा, "वर्गाकडे पाच हजार आहेत आणि बिल बरोबर पाच हजार झालं, तर पैसे कमी पडतील का?" नाही पडणार. अट मोडत नाही, म्हणून तो आकडा आत. शाब्दिक गणितात चिन्ह ठरवायला हा एकच प्रश्न पुरतो: बरोबर सीमेवरची रक्कम आली तर अट मोडते का? मोडत नसेल तर रेघ द्यायची, मोडत असेल तर नाही.

आता आकडेमोड. १४०० + १२०x ≤ ५०००, म्हणून १२०x ≤ ३६००, म्हणून x ≤ ३०. तीस जणांचा खर्च १४०० + ३६०० = ५०००. चालतो. एकतीस जणांचा ५१२०. नाही चालत. < लावलं की x < ३०, म्हणजे तिसावा मुलगा पैसे असूनही घरी राहिला.

---

मंदार१९

सोपी युक्ती सांगतो. माणसं, पेट्या, पुस्तकं असं पूर्णांकात उत्तर हवं असेल तर आधी समीकरण समजून सोडवा. जो आकडा येईल तो ≤ असेल तर तसाच ठेवा आणि < असेल तर त्यातून १ वजा करा. ३० आलं, ≤ आहे तर ३०, < आहे तर २९. विषय संपला.

---

कर्णरेषा

मंदार, ही युक्ती निम्मी चालते आणि नेमकी निशाताईंच्या दुसऱ्या गणितात आपटते. १४०० + १२०x < ५०५० घ्या. १२०x < ३६५०, म्हणून x < ३०.४१६… तुमच्या युक्तीने १ वजा केला तर २९.४१, म्हणजे २९ जण. पण तीस जणांचा खर्च ५००० च होतो आणि तो ५०५० पेक्षा कमी आहे. तिसावा आरामात बसतो.

तुमचं वाक्य खरं व्हायला सीमाच पूर्णांक असावी लागते. x < ३० आणि x ≤ २९ हे पूर्णांकांत एकच, हे बरोबर. पण x < ३०.४१ आणि x ≤ ३०.४१ या दोघांचं पूर्णांकांतलं उत्तर एकच आहे, ३०. वजाबाकीचा तिथे काही संबंधच नाही.

निशाताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. < आणि ≤ यांच्यात फरक एकाच बिंदूचा असतो, सीमेवरच्या. तो बिंदू मुळात परवानगी असलेल्या किमतींत बसत नसेल (३०.४१ माणसं नसतात), तर रेघ असली काय नि नसली काय, उत्तर तेच. तो बिंदू चालण्यासारखा असेल (३० माणसं असतात), तर रेघेने उत्तर बदलतं. ५०५० च्या गणितात त्याचं उत्तर चिन्ह बरोबर असल्यामुळे आलं नाही, सीमा दोन पूर्णांकांच्या मध्ये पडल्यामुळे आलं.

---

वाईची_निशा

हे पटलं. पण त्याचा पुढचा प्रश्न तयार आहे. ५०५० च्या गणितात खर्च कधीच बरोबर ५०५० होत नाही, मग तिथे ≤ लिहिणं चूक नाही का? "बरोबर" होऊच शकत नसेल तर बरोबरीचं चिन्ह कशाला?

---

कर्णरेषा

चूक नाही. ≤ चा अर्थ "कमी किंवा बरोबर". "किंवा"ने जोडलेल्या दोन गोष्टींपैकी एक खरी असली की विधान खरं. ३ ≤ ५ खरं आहे, कारण ३ < ५ आहे. ५ ≤ ५ पण खरं आहे, कारण ५ = ५ आहे. ≤ लिहून आपण बरोबरी होईल असं वचन देत नाही, झाली तर चालेल एवढंच म्हणतो. चिन्ह अटीवरून ठरतं आणि बरोबरी गाठली जाते की नाही ते पुढे आकड्यांवरून कळतं. या दोन पायऱ्या मुलं एकत्र करतात. उत्तर आधी डोळ्यांपुढे आणून मग चिन्ह निवडतात आणि तिथेच घसरतात.

याच धड्यात आणखी एक नेहमीचं गणित येतं: दोन्ही १० पेक्षा लहान आणि बेरीज ११ पेक्षा जास्त, अशा क्रमागत विषम धन संख्यांच्या जोड्या शोधा. लहान संख्या x मानली तर मोठी x + २. x + २ < १० वरून x < ८, आणि २x + २ > ११ वरून x > ४.५. x विषम, म्हणून ५ आणि ७. जोड्या (५, ७) आणि (७, ९). इथे "१० पेक्षा लहान"ऐवजी "जास्तीत जास्त १०" असं केलं तर x ≤ ८ येतं, पण ८ सम आहे, उत्तर हलत नाही. आता १० च्या जागी ९ घाला. "९ पेक्षा लहान" म्हटलं तर x < ७, एकच जोडी (५, ७). "जास्तीत जास्त ९" म्हटलं तर x ≤ ७, दोन जोड्या. त्याला हे चारही प्रकार स्वतः करायला लावा. पाच मिनिटांचं काम आहे, पण रेघ केव्हा बोलते आणि केव्हा गप्प बसते ते हातात येतं.

---

भोसरीकर

आमच्याकडे इनकमिंग इन्स्पेक्शनमध्ये हा घोळ चिन्हावरून नाही, फॉर्मवरून होतो. सॅम्पलिंगच्या टेबलमध्ये दोन आकडे शेजारी असतात, Ac आणि Re. समजा ८० नगांच्या सॅम्पलला Ac २, Re ३. म्हणजे खराब नग जास्तीत जास्त २ निघाले तर लॉट पास, ३ किंवा जास्त निघाले तर रिजेक्ट. नवीन माणूस "मर्यादा २" एवढंच ऐकतो आणि दोन खराब निघाले की लॉट परत पाठवतो. सप्लायरचा फोन येतोच. टेबलमध्ये दोन्ही आकडे छापलेत ते याचसाठी, की २ नक्की कुठल्या बाजूला हे कोणाला विचारावं लागू नये.

---

अनुजा_प

भोसरीकरांचं उदाहरण बारावीच्या द्विपद वितरणात सरळ येतं, आणि तिथे एका बिंदूचा फरक किती मोठा असतो ते दिसतं. सोपे आकडे घेते. १० नगांचा सॅम्पल, प्रत्येक नग खराब असण्याची संभाव्यता ०.१. "जास्तीत जास्त २ खराब" याची संभाव्यता काढायची.

P(०) = ०.९ चा दहावा घात = ०.३४८७
P(१) = १० × ०.१ × ०.९ चा नववा घात = ०.३८७४
P(२) = ४५ × ०.०१ × ०.९ चा आठवा घात = ०.१९३७

तिन्हींची बेरीज ०.९२९८. "२ पेक्षा कमी" असं वाचलं तर शेवटची ओळ गळते आणि उत्तर ०.७३६१ होतं. ३० आणि २९ मधला फरक किरकोळ वाटतो, पण इथे शंभरातले जवळपास ९३ लॉट पास की ७४, इतकं अंतर पडलं.

पेपर तपासताना हीच चूक जास्त करून आडवाटेने आलेली दिसते. मुलं "१ वजा उलट" या पद्धतीने जातात आणि १ − P(X ≥ २) लिहितात. "जास्तीत जास्त २" चं उलट "कमीत कमी २" नाही, "कमीत कमी ३" आहे. दोन्हीकडे २ ठेवला तर २ दोन्ही गटांत मोजला जातो, आणि एकातून दुसरा वजा केला की तो निसटतो. उत्तर पुन्हा ०.७३६१. तेव्हा कोणाच्या वहीत हा आकडा दिसला, तर त्याने चिन्ह चुकवलं की उलट चुकवलं ते वरच्या ओळी बघूनच ठरवावं लागतं, आकडा दोन्हींचा एकच.

तपासायला सोपं: विधान आणि त्याचं उलट, दोन्हींतले आकडे शेजारी लिहा. ०, १, २ एकीकडे आणि ३ ते १० दुसरीकडे. प्रत्येक आकडा एकदाच आला पाहिजे. दोनदा आला किंवा कुठेच आला नाही, तर चिन्ह चुकलं.

---

मंदार१९

पण नॉर्मल डिस्ट्रिब्यूशनमध्ये तर P(X ≤ a) आणि P(X < a) सारखेच असतात असं शिकवतात. मग तिथे हा नियम कुठे गेला?

---

अनुजा_प

नियम तोच आहे. फरक त्या एका बिंदूचाच, पण सतत चलात त्या एका बिंदूची संभाव्यताच शून्य असते, म्हणून बेरीज हलत नाही. खराब नग मोजताना २ या बिंदूवर ०.१९३७ बसलेले असतात. पोत्याचं वजन हे सतत चल मानलं, तर नेमक्या ५० किलोवर काहीच बसलेलं नसतं. चिन्ह बदललं की उत्तर बदलणार का, हे त्या बिंदूवर किती वजन आहे यावर ठरतं.

---

खतावणी

कायद्यात हे सगळं शब्दांत लिहिलेलं असतं आणि लोक आकडा तेवढा लक्षात ठेवतात. जीएसटी नोंदणीचं घ्या. सेवा देणाऱ्याची आर्थिक वर्षातली एकूण उलाढाल २० लाखांपेक्षा "अधिक" झाली तर नोंदणी, अशी कलम २२ ची रचना आहे (महाराष्ट्रापुरतं बोलतोय, काही राज्यांत मर्यादा वेगळी आहे). म्हणजे बरोबर २०,००,००० ला बंधन येत नाही, पुढच्या रुपयाला येतं. नोंदणी नको असलेल्यांची अट उलाढाल ≤ २० लाख, हवी असलेल्यांची > २० लाख. अनुजाताईंच्या यादीसारखंच, सीमेचा आकडा एकाच बाजूला. सक्तीच्या नोंदणीची इतर कारणं वेगळी, ती इथे धरत नाही.

घटनेतल्या कलम ३२६ मध्ये मतदाराचं वय अठरा वर्षांपेक्षा "कमी नसलेलं" हवं. दोन नकार एकावर एक, म्हणून वाचताना अडखळायला होतं, पण चिन्ह सरळ ≥ १८ आहे. "कमी" खोडलं की "बरोबर" आणि "जास्त" उरतात.

---

तिरकस

कागदावर ठीक आहे हो. दुकानदार "पाचशेच्या आत" म्हणतो तेव्हा पाचशेची वस्तू दाखवतोच ना? आणि "तीस तारखेपर्यंत फॉर्म भरा" म्हटलं तर तीस तारखेला खिडकी उघडी असते. मुलाने "पाच हजारांच्या आत" असा अर्थ घेतला तर इतकं काय बिघडलं? भाषाच सैल आहे.

---

कर्णरेषा

"आत" सैल आहे हे मान्य. काही जण सीमा धरतात, काही धरत नाहीत. म्हणूनच चांगल्या पेपरमध्ये तो शब्द नसतो. पण मुलाच्या गणितात "आत" नव्हतंच, "जास्तीत जास्त" होतं. सैल शब्द त्याने स्वतः आणला आणि मग त्याला < लावलं. गणितातलं वाक्य स्वतःच्या वाक्यात बदललं की सीमा तिथेच गळते.

"पर्यंत" मात्र व्यवहारात बहुतेक वेळा सीमा धरूनच असतं.

---

अर्धविराम

"तीस तारखेपर्यंत" वरून आठवलं, डेटाबेसमध्ये ही गळती नेमकी इथेच होते. एप्रिलचे सगळे व्यवहार काढायचे म्हणून लोक हे लिहितात:

```sql
WHERE vel BETWEEN '2025-04-01' AND '2025-04-30'
```

BETWEEN दोन्ही टोकं धरतं, म्हणजे दोन्हीकडे रेघ आहे. तरी ३० एप्रिलचा जवळजवळ सगळा दिवस गायब होतो. कारण `vel` मध्ये तारखेबरोबर वेळही आहे आणि '2025-04-30' म्हणजे त्या दिवशी रात्रीचे ००:०० वाजले. सकाळी साडेदहाची नोंद त्याच्या पुढची, म्हणून बाहेर. लक्षण ओळखीचं असतं: महिन्याची बेरीज वहीपेक्षा कमी येते आणि फरक बरोबर शेवटच्या दिवसाच्या विक्रीइतका असतो.

यावर २३:५९:५९ लिहून ठिगळ लावतात. सेकंदाचे भाग साठवलेले असतील तर शेवटचा सेकंद तरीही निसटतो. सरळ उपाय म्हणजे सुरुवात धरायची आणि शेवट सोडायचा:

```sql
WHERE vel >= '2025-04-01' AND vel < '2025-05-01'
```

मे महिन्याची अट याला लागूनच सुरू होते, `>= '2025-05-01'`. १ मेची मध्यरात्र एकाच महिन्यात मोजली जाते, एकही क्षण दोनदा नाही, एकही सुटत नाही. इथे मुद्दाम < हवं, ≤ नको. "जास्तीत जास्त ३० तारीख" ही अट वेळेच्या भाषेत "१ तारीख सुरू व्हायच्या आधी" अशी होते आणि रेघ आपोआप जाते.

---

कर्णरेषा

छान उदाहरण. पूर्णांकांतलं x ≤ ३० आणि x < ३१ एकच आहेत, पण मधे अपूर्णांक आले की नाहीत. दिवस मोजत होतात तोवर दोन्ही चालत होते, क्षण मोजायला लागलात आणि फरक पडला.

---

वाईची_निशा

धन्यवाद सगळ्यांना. सहलीचं गणित त्याला पटलं. आता त्याच सरावपत्रिकेतली दोन अडली आहेत. एक, (x − ३)² ≤ ० सोडवा. त्याने "वर्ग ऋण नसतो, उत्तर नाही" लिहिलं. दोन, (x − ३)/(x + २) ≤ ०. याला त्याने x + २ ने गुणून x ≤ ३ लिहिलं. दोन्ही चूक आलेत.

---

कर्णरेषा

पहिल्यात तर रेघच सगळं उत्तर आहे. वर्ग ऋण नसतो, हे खरं, पण शून्य असू शकतो. ≤ ० ने शून्य आत घेतलं, म्हणून x = ३ हे एकच उत्तर. रेघ काढून (x − ३)² < ० केलं तर त्याचं "उत्तर नाही" बरोबर झालं असतं. उलट बाजूने बघा: (x − ३)² ≥ ० ला सगळ्या वास्तव संख्या चालतात, आणि (x − ३)² > ० ला ३ सोडून बाकी सगळ्या.

दुसऱ्यात दोन चुका आहेत. x + २ ने गुणताना तो धन आहे की ऋण हे माहीत नाही, त्यामुळे तोंड फिरवायचं की नाही ठरत नाही. x = −५ घालून बघा: −८ भागिले −३, म्हणजे २.६७, शून्यापेक्षा मोठं. तरी त्याचं x ≤ ३ त्याला आत घेतंय. म्हणून गुणायचंच नाही. अंश शून्य होतो ३ ला, छेद शून्य होतो −२ ला. संख्यारेषेवर हे दोन बिंदू टाका, तीन भाग पडतात. प्रत्येकातली एक संख्या घालून चिन्ह बघा: −५ ला धन, ० ला −१.५ म्हणजे ऋण, ५ ला धन. आपल्याला ऋण किंवा शून्य हवं, म्हणून मधला भाग.

आता टोकं, आणि ती एकेक करून तपासायची. x = ३ ला किंमत ०, आणि ० ≤ ० खरं, म्हणून ३ आत, भरीव टिंब. x = −२ ला छेद शून्य, किंमतच नाही. जी किंमत नाही ती शून्यापेक्षा कमीही नाही आणि बरोबरही नाही, म्हणून −२ बाहेर, पोकळ टिंब. उत्तर −२ < x ≤ ३. प्रश्नात एकच ≤ होतं, पण उत्तरात एका टोकाला रेघ राहिली आणि दुसऱ्या टोकाची गेली. प्रश्नातलं चिन्ह जसंच्या तसं दोन्ही टोकांना चिकटवणं ही या प्रकारातली सगळ्यात जास्त गुण घालवणारी सवय.

---

राजाभाऊ

माझं ऋण संख्येचं शेवटी कामाला आलं म्हणायचं!

---

मंदार१९

बारावीच्या रेषीय प्रोग्रामिंगमध्ये कायम ≤ आणि ≥ च का असतात? कधी < दिलं तर काय करायचं? क्लासमध्ये सांगितलं होतं की रेषा तुटक काढा आणि बाकी तसंच सोडवा.

---

अनुजा_प

तुटक रेषा बरोबर, "बाकी तसंच" नाही. z = ३x + २y जास्तीत जास्त करायचंय, अटी x + y ≤ १०, x ≥ ०, y ≥ ०. कोपरे (०, ०), (१०, ०), (०, १०). z च्या किमती ०, ३०, २०. उत्तर ३०.

आता पहिली अट x + y < १० करा. (१०, ०) हा कोपरा तुटक रेषेवर आहे, म्हणजे प्रदेशात नाहीच. (९.९, ०) घ्या, z = २९.७. (९.९९, ०) घ्या, २९.९७. कुठलाही बिंदू सांगा, त्याहून चांगला दाखवता येतो, आणि ३० कधीच येत नाही. कमाल किंमत अस्तित्वात नाही. कोपऱ्यांची पद्धत कोपरा प्रदेशात आहे असं धरून चालते, म्हणून पुस्तकातल्या अटी रेघेसकट असतात.

---

कर्णरेषा

आणि x, y हे टेबल-खुर्च्यांसारखे पूर्णांक असतील तर तिसरंच उत्तर येतं. x + y < १० म्हणजे x + y ≤ ९, कोपरा (९, ०), z = २७. चिन्ह एकच, पण वास्तव संख्यांत कमाल नाही आणि पूर्णांकांत २७.

---

मंदार१९

मग पेपरात कोणी चुकून "१० तासांपेक्षा कमी" असं छापलं तर मुलाने काय लिहायचं? तास तर पूर्णांक नसतात. मी तर ३० लिहून मोकळा होईन, परीक्षकाला तेच हवं असतं.

---

अनुजा_प

मी असते तर "कमाल किंमत नाही, z ला ३० च्या हवं तितकं जवळ नेता येतं" असं लिहिलेल्याला पूर्ण गुण दिले असते. नुसतं ३० लिहिणाऱ्याचा बिंदू (१०, ०) दिलेल्या अटीत घातला तर १० < १० येतं आणि ते खोटं आहे.

---

तिरकस

उत्तरसूचीत ३० छापलं असेल तर तुमच्या "हवं तितकं जवळ"ला शून्य मिळतं, अनुजाताई. कारखान्यात घड्याळ मिनिटं दाखवतं. ९ तास ५९ मिनिटं घ्या आणि हिशोब मिटवा.

---

अनुजा_प

मिनिटांत मोजायचं ठरवलंत तर तुम्ही तास पुन्हा पूर्णांकच केलेत, तिरकस. मग ५९९ मिनिटं हे अगदी बरोबर उत्तर आहे, z = २९.९५. पण मिनिटांत मोजायचं हे प्रश्नात लिहिलेलं हवं. सूचीचं काय करायचं ते मात्र मलाही सांगता येत नाही. अशा प्रश्नावर हरकत नोंदवावी असं माझं मत आहे, मंदारला वेळ घालवायचा नाहीये.